सळ्यांच्या नोंदी

जागा: इंदूर, बिचोलीकडच्या रस्त्यावरची इमारत. खाली पार्किंग, वर पाच मजले. मालक म्हणजे दहा कुटुंबांची सोसायटी. लोखंड आणि सिमेंट सोसायटी विकत घेते, काम आमच्या कंपनीकडे मजुरीच्या दरावर आहे.

२० मार्च २०२४, बुधवार

लोखंडाची गाडी दुपारी साडेतीनला आली. चलनाप्रमाणे १६ मिमी ६,०२० किलो, १२ मिमी ४,९८० किलो आणि ८ मिमी ४,०२० किलो, एकूण १५,०२० किलो. सोबत पुरवठादाराच्या काट्याची पावती होती. स्टोअरच्या काकांनी नेहमीसारखी पावती चलनाला टाचली आणि "माल मोजून मिळाला" असा शिक्का मारून सही केली. हमालांनी सहापर्यंत गाडी रिकामी केली. मी पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या शटरिंगची लेव्हल तपासत होते, त्यामुळे गाडीकडे गेलेच नाही.

संध्याकाळी फिटर मिस्त्री म्हणाला, "ताई, सोलाचा चट्टा जरा छोटा दिसतोय." त्याच्या नजरेवर माझा भरवसा आहे. कॉलमच्या रिंगा तीन मिलिमीटरने चुकल्या तरी त्याला न मोजता कळतं. उद्या मोजून पाहीन.

२१ मार्च, गुरुवार

सकाळी सातला, काम सुरू व्हायच्या आधी, मिस्त्री आणि त्याचा एक पोरगा यांना घेऊन १६ मिमीचा चट्टा मोजला. सळ्या १२ मीटरच्या, पण गाडीत मावाव्यात म्हणून मधून दुमडून आलेल्या. त्यामुळे प्रत्येक सळईची दोन्ही टोकं एकाच बाजूला येतात. पोरग्याने प्रत्येक टोकावर चुन्याचा ठिपका दिला, मी दहा-दहाचे गट लिहीत गेले. ५६२ टोकं भरली, म्हणजे २८१ सळ्या. मिस्त्रीने दुसऱ्या बाजूने दुमडी मोजल्या, त्याही २८१.

आता हिशोब. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की मीटरचं वजन किलोत मिळतं. १६ मिमीला १.५८ येतं, म्हणजे १२ मीटरच्या सळईला जवळजवळ १९ किलो. ६,०२० किलोला साधारण ३१७ सळ्या हव्यात. ३६ कमी आहेत.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, सळई जरा जाड रोल झाली असेल. जाड आली की संख्या कमी होते."

हे बोलणं चुकीचं नाही. नुसत्या संख्येवरून माल कमी आला असं म्हणता येत नाही. आयएस १७८६ प्रमाणे १६ मिमीच्या मालाचं वजन ठरलेल्या आकड्यापेक्षा पाच टक्के वर किंवा खाली चालतं. पण सगळ्या सळ्या पूर्ण पाच टक्के जड धरल्या तरी २८१ सळ्यांचं वजन ५,६०० किलोच्या आतच राहतं. तेव्हाही चारशे किलोवर माल कमी पडतो. तरी वजन केल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं.

दुपारी १२ आणि ८ मिमी मोजले. ४७३ आणि ८६१ सळ्या निघाल्या.

२२ मार्च, शुक्रवार

तीन वेगवेगळ्या बंडलांतून १६ मिमीचे मीटर-मीटरचे तुकडे कापले. कटरने टोक तिरकं कापलं जातं आणि मग लांबीच चुकते, म्हणून गुण्या लावून कापायला सांगितलं. क्यूब टेस्टिंगच्या खोलीतल्या डिजिटल काट्यावर ते १.५५८, १.५६३ आणि १.५५९ किलो भरले. सरासरी १.५६. म्हणजे सळई जाड नाही, उलट सव्वा टक्का हलकी आहे. ती मर्यादेत बसते, मालाच्या दर्जाबद्दल तक्रार नाही. सळईची लांबीही मोजली, १२ मीटरला दोन-तीन सेंटिमीटर जास्तच आहे.

या वजनाने २८१ सळ्या ५,२६० किलो होतात. चलनात ६,०२० आहेत. ७६० किलो कमी.

तसंच १२ मिमी आणि ८ मिमीचं केलं, आणि इथे मी अडखळले. १२ मिमीचे तुकडे ०.८७८ किलो भरले, त्या हिशोबाने ४७३ सळ्या ४,९८४ किलो होतात. चलनात ४,९८० आहेत. ८ मिमीचे ४,०१९ आले, चलनात ४,०२०. दोन्ही व्यास अगदी चोख. खोट फक्त १६ मिमीत.

वाटेत कुणी सळ्या उतरवल्या असतील तर वरच्या उतरवल्या असत्या. वर ८ मिमी होती, १६ मिमी तळाशी होती.

रात्री घरी काट्याची पावती पुन्हा पाहिली. दुकानात प्रत्येक व्यास भरून झाला की गाडी काट्यावर नेतात आणि आधीचं वजन वजा करतात. पावतीवर चार आकडे आहेत. रिकामी गाडी ९,८६०. १६ मिमी भरल्यावर १५,८८०. १२ मिमी भरल्यावर २०,८६०. ८ मिमी भरल्यावर २४,८८०. म्हणजे १२ आणि ८ मिमीचं वजन दोन भरलेल्या वजनांच्या फरकातून येतं. रिकाम्या गाडीचा आकडा फक्त १६ मिमीच्या वजाबाकीत येतो. तो आकडा खरा नसेल, तर सगळा फरक सर्वांत आधी भरलेल्या मालातच दिसणार, बाकीचे दोन चोखच राहणार.

आई जेवायला दोनदा हाक मारून गेली. मी पावतीच धरून बसले होते. वरच्या तीन भरलेल्या वजनांपुढे तारीख-वेळ छापलेली आहे. रिकाम्या वजनापुढे वेळच नाही.

२३ मार्च, शनिवार

स्टोअरच्या फाइलमधून याच गाडीच्या आधीच्या दोन पावत्या काढल्या. फेब्रुवारीतली एक, मार्चच्या सुरुवातीची एक. तिन्हींवर रिकामी गाडी ९,८६०.

खऱ्या गाडीचं रिकामं वजन तीन वेळा तेच येत नाही. डिझेल कमी-जास्त असतं, ताडपत्री ओली-कोरडी असते, चाकांना चिखल असतो. चाळीस-पन्नास किलो इकडेतिकडे व्हायलाच हवेत. हा आकडा काट्यावर मोजलेला नाही, कुठून तरी उचललेला आहे.

काकांना तिन्ही पावत्या शेजारी ठेवून दाखवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, काटा सेठचा, पावती सेठची. तीस वर्षं मी पावतीवरच सही करत आलोय. आता तू वर सांगितलंस तर पहिला प्रश्न मलाच विचारतील. 'मोजून मिळाला' या शिक्क्याखाली माझीच सही आहे."

काका रामबागेत आमच्या शेजारच्या वाड्यात राहायचे. मला ही नोकरी त्यांच्याच शब्दावर मिळाली. त्यांनी यातून एक रुपया घेतला असेल असं मला क्षणभरही वाटत नाही. पुढच्या दिवाळीत ते निवृत्त होणार आहेत.

"या गाडीचं सोड," ते म्हणाले. "पुढच्या गाडीपासून आपण मोजून घेऊ. ७६० किलो वेस्टेजमध्ये जिरून जातील."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सोमवारी होळीची सुट्टी.

३० मार्च, शनिवार, रंगपंचमी

आज राजवाड्यावर गेरची मिरवणूक, साईट बंद. सकाळी वॉचमनकडून किल्ली घेतली आणि यार्डात बसून १६ मिमीचा पूर्ण ताळमेळ लावला. काका "वेस्टेजमध्ये जिरेल" म्हणाले होते, ते नेमकं कुणाच्या खात्यात जिरेल हे पाहायचं होतं.

आधीच्या दोन गाड्यांत चलनाप्रमाणे १६ मिमी ५,८४० आणि ६,११० किलो आली, एकूण ११,९५०. फुटिंग आणि कॉलममध्ये किती बसली ते बार बेंडिंग शेड्यूलवरून, म्हणजे कुठे किती सळई लागते त्या तक्त्यावरून काढलं. प्रत्येक कॉलम ओतण्याआधी सळ्या मी स्वतः मोजल्या आहेत, ड्रॉइंगप्रमाणे पूर्ण आहेत, लॅपही. त्यामुळे इमारतीची ताकद कमी झालेली नाही, हे आधी स्वतःच्या मनासाठी लिहून ठेवलं. चोरी वजनात आहे, कॉलममध्ये नाही.

शेड्यूलमधले ९,६४० किलो ठरलेल्या वजनाने काढलेले आहेत. जुन्या चट्ट्यातल्या सळईचंही वजन घेतलं, तीही मीटरला १.५६ भरते, म्हणून प्रत्यक्ष वापर ९,५१८ धरला. कापलेले तुकडे तोलले, २४० किलो. म्हणजे यार्डात २,१९२ किलो उरायला हवेत. जुन्या, गंजू लागलेल्या चट्ट्यात ३८ सळ्या आहेत, ७११ किलो.

दीड टन हिशोबात नाही. दोन गाड्या धरल्या तर गाडीमागे सुमारे ७४०.

हा आकडा तक्रारीत पुरावा म्हणून चालणार नाही. यार्डातून चोरी झाली असंही कुणी म्हणू शकेल, आणि ते खोटं आहे हे मला सिद्ध करता येणार नाही. पण माझ्या पोटात गोळा आला तो दुसऱ्या कारणाने. मिस्त्रीच्या करारात लिहिलं आहे की वेस्टेज तीन टक्क्यांपर्यंत मान्य, त्यापुढचं लोखंड त्याच्या बिलातून वजा. आत्तापर्यंतचे तुकडे अडीच टक्क्यांच्या आसपास आहेत, म्हणजे त्याने काम नेटकं केलं आहे. तरी शेवटच्या बिलाच्या वेळी हा दीड टन त्याच्याच नावावर निघेल. ५६ रुपये दराने ऐंशी हजारांच्या वर. वरून या गाडीचे ७६०. त्याच्यासोबत सात माणसं काम करतात.

ज्याने मला पहिल्यांदा "चट्टा छोटा दिसतोय" म्हणून सांगितलं, पैसे त्याच्याच खिशातून जाणार. मी गप्प बसले तर काका सुटतील असं मला आठवडाभर वाटत होतं. त्यांच्याऐवजी कोण अडकेल हे आज कागदावर आलं.

१ एप्रिल, सोमवार

काकांना ताळमेळाचा कागद दिला. मिस्त्रीच्या कराराचं कलम वाचून दाखवलं. ते त्यांना माहीत होतं, पण या दोन गोष्टी त्यांनी कधी एकत्र धरल्या नव्हत्या.

उद्या तीच गाडी १० आणि २० मिमी घेऊन येणार आहे. मी म्हटलं, "काका, उद्या गाडी आत घेण्याआधी बायपासवरच्या सार्वजनिक धर्मकाट्यावर नेऊ. भरलेली तोलू, रिकामी झाली की पुन्हा तिथेच तोलू. त्यानंतर काय लिहायचं ते लिहू."

"ड्रायव्हर ऐकणार नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "मी येतो सोबत. माझं तो ऐकेल."

२ एप्रिल, मंगळवार

गाडी अकराला आली. ड्रायव्हरने आधी डिझेलचं कारण सांगितलं, मग उशिराचं. काकांनी केबिनमध्ये चढून त्याच्या शेजारी बसकण मारली आणि म्हणाले, "चल भई, काट्याचे पैसे आम्ही देतो." एवढ्यावर निघाला. काट्यावर काका खाली उतरले, ड्रायव्हर आणि क्लीनर गाडीतच राहिले. रिकामी तोलतानाही तेच दोघं गाडीत असतील असं तेव्हाच ठरवून घेतलं, नाहीतर सव्वाशे-दीडशे किलोचा वाद उरतो.

पुरवठादाराच्या पावतीवर भरलेली गाडी १७,९६०. सार्वजनिक काट्यावर १७,९४०. फरक २० किलो, वाटेत जळलेलं डिझेल आणि काटा ज्या टप्प्याने आकडा दाखवतो ती पायरी यात तो बसतो. म्हणजे सेठचा काटा बिघडलेला नाही.

माल उतरवला, ताडपत्री, दोरखंड, स्टेपनी, पाण्याचा ड्रम सगळं गाडीत आहे हे पाहिलं, फोटो काढले, आणि तीन वाजता पुन्हा त्याच काट्यावर गेलो. रिकामी गाडी १०,६२०.

पावतीवर ९,८६०.

काट्यावरच्या मुलाने पावती फाडून दिली. काकांनी ती माझ्या हातून घेतली आणि उन्हात धरून दोनदा वाचली. चलनातलं वजन ८,१००. प्रत्यक्ष ७,३२०. कमी ७८०. २० मार्चच्या गाडीचं भरलेलं वजन २४,८८० होतं, त्यातून १०,६२० वजा केले तर १४,२६० उरतात. मी सळ्या मोजून आणि तोलून काढलेली बेरीज १४,२६३ आहे. दोन वेगळ्या वाटांनी तीन किलोच्या फरकावर आलो.

आज काकांनी "मोजून मिळाला" हा शिक्का मारला नाही. चलनावर हाताने लिहिलं: "सार्वजनिक काट्यावर निव्वळ वजन ७,३२० किलो. तेवढाच माल स्वीकारला." ड्रायव्हरची सही घेतली. हा शेरा चलनावरच हवा, गाडी निघून गेल्यावर कितीही पत्रं लिहिली तरी पुरवठादार चलनावरची कोरी सही दाखवतो.

३ एप्रिल, बुधवार

रात्री पत्राचा मसुदा लिहिला. प्रोजेक्टच्या साहेबांना, प्रत सोसायटीच्या समितीला. आधी समितीला प्रत द्यावी की नाही यात अडकले होते. लोखंड त्यांच्या पैशाचं आहे, आमच्या नाही. साहेबांनी स्वतःहून कळवलं नाही तर मिस्त्रीच्या बिलापर्यंत विषय झाकलेला राहील. म्हणून प्रत ठेवली.

सकाळी मसुदा काकांना वाचायला दिला. त्यात त्यांच्याबद्दल असं होतं: "आजवर माल काट्याच्या पावतीवर स्वीकारला गेला. सळ्यांची मोजणी किंवा स्वतंत्र तोल झाला नाही. चलनाची पडताळणी साईट इंजिनिअरकडूनही झालेली नाही." शेवटचं वाक्य माझ्याबद्दल आहे आणि ते खरं आहे. फेब्रुवारीपासून मी इथे आहे, एकाही गाडीच्या वेळी मी चट्ट्यापाशी उभी राहिले नव्हते.

काकांनी पेन मागितलं. "गेला" खोडून त्यांनी लिहिलं: "मी स्वीकारला." खाली माझ्या नावाआधी त्यांनी स्वतःची सही केली.

"काका, याची गरज नव्हती."

"होती. नाहीतर वाचणारा विचारेल, कुणी स्वीकारला. मग तुला माझं नाव घ्यावं लागेल."

४ एप्रिल, गुरुवार

साहेबांनी पत्र उभ्यानेच वाचलं. पहिला प्रश्न आला, "समितीला प्रत पाठवलीस?" मी हो म्हटलं. दुसरा प्रश्न काकांना, "इतकी वर्षं?" काका म्हणाले, "हो." साहेबांनी दार लावून घेतलं. मी बाहेर वीस मिनिटं थांबले. काका बाहेर आले तेव्हा म्हणाले, "स्टोअरमध्येच ठेवलंय. पण लोखंडाचा ताबा आता तुझ्याकडे." चेहरा उतरलेला होता. दुपारी डबाही उघडला नाही त्यांनी.

समितीतले निवृत्त मास्तर संध्याकाळी आले. त्यांना पहिल्यांदा एकच जाणून घ्यायचं होतं, कॉलममध्ये सळ्या पूर्ण आहेत ना. ओतण्याआधीचे फोटो आणि माझी चेकलिस्ट दाखवली. प्रत्येक कॉलमचा क्रमांक त्यांनी बोट लावून वाचला.

८ एप्रिल, सोमवार

पुरवठादाराचा माणूस आला. त्याचं म्हणणं असं की गाडीची बॉडी जानेवारीत बदलली, लाकडी तळाच्या जागी लोखंडी पत्रा टाकला, आणि काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुनं रिकामं वजन तसंच राहिलं. गाडीचा नंबर टाकला की ते आपोआप येतं. असंही असू शकेल. पत्रा टाकल्याने साडेसातशे किलो वाढतात का, हे मी विचारलं नाही. रोज काट्यावर बसणाऱ्या माणसाला हे तीन महिने कळलं नाही का, हे मास्तरांनी विचारलं. त्याला उत्तर मिळालं नाही.

२० मार्चचे ७६० आणि २ एप्रिलचे ७८० किलो त्याने मान्य केले, तेवढ्याची क्रेडिट नोट देणार. आधीच्या दोन गाड्यांबद्दल त्याने हात वर केले, "त्यावर तुमच्या माणसाची सही आहे." काका तिथेच उभे होते.

साहेबांनी एक गोष्ट मात्र केली. मिस्त्रीच्या करारावर पुरवणी टीप लिहिली की २ एप्रिलपूर्वी आलेल्या लोखंडाची तूट त्याच्या वेस्टेजमध्ये धरली जाणार नाही. सही करून प्रत त्याच्या हातात दिली. मिस्त्रीला मराठी वाचता येत नाही, मी हिंदीत सांगितलं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "ताई, स्लॅबची बॉटमची जाळी आज बांधायची का उद्या?"

जुना दीड टन सोसायटीच्या खात्यावर तसाच राहिला. मी ताळमेळाच्या रजिस्टरमध्ये तो "तूट, कारण सिद्ध नाही" असा लिहिला.

१२ एप्रिल, शुक्रवार

पाडव्यानंतरची पहिली गाडी. १६ मिमी. काका सकाळी साडेदहालाच बायपासच्या काट्यावर जाऊन बसले होते, मी न सांगता. भरलेली १९,३२०. माल उतरवायला हमालांना दोन तास लागले. रिकामी १०,६४०. निव्वळ ८,६८०, चलनात ८,६९०.

सळ्या मी मोजल्या, काकांनी चुन्याचा डबा धरला. ९२८ टोकं. ४६४ सळ्या. तीन तुकडे कापून तोलायला दिले आहेत, वजन उद्या लिहीन.